‘इतर’वर विसंबू नका

गेलेल्या माणसाचा नंबर लोक फोनमधून काढून का टाकत नाहीत? समजा, यावर आजवर कुणीच सर्वेक्षण केलेलं नाही आणि ते आपल्याला करायचं आहे. पहिला मोह होतो तो चार पर्याय लिहून टाकण्याचा: आठवण म्हणून, लक्षातच आलं नाही म्हणून, काढवत नाही म्हणून, इतर. मोजायला सोपं. राहिलं-सुटलं ते ‘इतर’मध्ये येईलच, असं आपण धरून चालतो.

ते तसं येत नाही. अमेरिकेत २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर प्यू रिसर्च सेंटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं मतदारांना विचारलं, मत देताना तुमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता? काहींना पाच मुद्दे वाचून दाखवले, बाकीच्यांना पर्याय न देता नुसताच, म्हणजे मुक्त प्रश्न विचारला. यादी ऐकलेल्यांपैकी ५८ टक्के ‘अर्थव्यवस्था’ म्हणाले, न ऐकलेल्यांपैकी ३५ टक्केच. यादीबाहेरचा मुद्दा सांगणारे मुक्त प्रश्नात ४३ टक्के होते, यादी दिल्यावर जेमतेम ८. यादी दिली की कसलं उत्तर हवंय हे माणूस त्यावरूनच ओळखतो आणि त्यातलंच एक उचलतो.

म्हणून अनोळखी विषयात सुरुवात मुक्त प्रश्नानं करावी. मात्र थेट ‘का?’ विचारलं तर ‘असंच’ एवढंच ऐकू येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा ‘ते नाव शेवटचं कधी दिसलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारावं. मग कुणी सांगेल, ‘तो नंबर आता त्यांचा मुलगा वापरतो, नाव तेवढं बदललं नाही.’ हे कारण टेबलाशी बसून सुचलं असतं का? मला तरी नाही.

अशी वीस-तीस माणसांची उत्तरं जमली की दोघांनी ती वेगवेगळी वाचून गट पाडावेत. एकाला ‘काढवत नाही’मध्ये दुःख दिसतं, दुसऱ्याला अपराधीपणा, तर तो गट फोडावा लागेल. नव्या मुलाखतींतून नवं कारण निघेनासं झालं की मगच पर्याय लिहावेत, तेही लोकांच्याच शब्दांत.

एवढी खटपट करायची तर सगळंच मुक्त का ठेवू नये? कारण न बोललेलं म्हणजे नसलेलं नव्हे. ‘आठवण म्हणून’ हे इतकं उघड वाटतं की पुष्कळ जण ते बोलूनच दाखवणार नाहीत. शिवाय बोलक्या माणसाची कारणं जास्त भरतात आणि अबोल माणसाची कमी. कुठलं कारण किती जणांचं, हे मोजायला सर्वांसमोर सारखीच यादी हवी.

यादी झाली की छोटी चाचणी घ्यावी. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना यादी द्यावी, निम्म्यांना मुक्त प्रश्न. यादीवाल्यांत ‘इतर’ निवडणारे फार थोडे निघाले, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. मुक्त गटात यादीबाहेरचं एखादं कारण पुन्हा पुन्हा येत असेल, तर यादी अजून अपुरी आहे.