दाखल्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह: डिजिटल सहीच्या इशाऱ्याची पार्श्वभूमी

प्रवेशाचे दिवस आले की ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘‘सही व्हेरिफाय नाहीये, कॉलेजवाले घेणार नाहीत.’’ हातात उत्पन्नाचा नाहीतर अधिवासाचा दाखला असतो. खाली उजव्या कोपऱ्यात Signature Not Verified अशी इंग्रजी ओळ आणि तिच्यावर पिवळं प्रश्नचिन्ह. दाखला खरा, तहसीलदार खरे, पण छापील कागद स्वतःच सांगतो की सही तपासलेली नाही. हे प्रश्नचिन्ह तिथं आलं कसं, याची गोष्ट थोडी मागून सुरू होते.

देशात डिजिटल सहीला कायद्याची मान्यता २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं दिली. त्याच कायद्यानं सह्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्यांना परवाना देणारा एक सरकारी नियंत्रक नेमला आणि सगळ्यांच्या मुळाशी देशाचं स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र ठेवलं. २००८ च्या दुरुस्तीनं सहीची व्याख्या रुंदावली. पहिली काही वर्षं ही सगळी भानगड कंपन्यांचे विवरणपत्र भरणारे सीए आणि ई-टेंडर भरणारे कंत्राटदार यांच्यापुरतीच होती. सामान्य माणसाचा संबंध आला तो दाखले ऑनलाइन निघू लागल्यावर. राज्यात २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा झाला, दाखला किती दिवसांत द्यायचा याच्या मुदती लागल्या आणि तहसीलदारांची सहीची किल्ली ठेवलेल्या यूएसबी टोकनमधून सह्या भराभर पडू लागल्या. १ मे २०१८ पासून सातबाराही डिजिटल सहीचा मिळू लागला.

त्या काळात एक निर्णय झाला, ज्यावर आजही एकमत नाही. पीडीएफमधल्या सहीला दोन अंगं असतात. एक म्हणजे खरी सही: फाइलच्या पोटात ठेवलेली, डोळ्यांना न दिसणारी. दुसरं म्हणजे पानावरचा चौकोन, ज्यात नाव, तारीख आणि वेळ छापलेली असते. पीडीएफच्या जुन्या पद्धतीत या चौकोनाचे थर असत. एका थरात पिवळं प्रश्नचिन्ह आधीच चितारून ठेवलेलं असे. अडोबीचा रीडर फाइल उघडून सही तपासायचा आणि निकालाप्रमाणे त्या जागी हिरवी टिक किंवा लाल फुली दाखवायचा. पुढे खुद्द त्या कंपनीनंच ही थरांची पद्धत जुनी ठरवून टाकली. कारण उघड होतं: कागदाच्या आत कागदाचाच निकाल छापणं धोक्याचं, कुणीही हिरव्या टिकेचं चित्र चिकटवू शकतो. निकाल दाखवायची जागा कागदाच्या बाहेर, रीडरच्या पट्टीत. आपल्याकडे मात्र दाखले तयार करणाऱ्या बऱ्याच प्रणालींनी जुना थरांचा चौकोनच चालू ठेवला. बाजू घेणारे म्हणतात की लोकांना पानावर काहीतरी दिसायला हवं होतं, नुसती पट्टी कुणाला कळणार? त्यात तथ्य नाही असं नाही. पण परिणाम काय झाला ते पाहा. क्रोममध्ये किंवा मोबाइलवरच्या साध्या व्ह्यूअरमध्ये दाखला उघडला की तो प्रोग्राम सही तपासतच नाही, आत चितारलेलं प्रश्नचिन्ह जसंच्या तसं दाखवतो. झेरॉक्सवाला तिथूनच प्रिंट काढतो. म्हणजे कोपऱ्यातलं Signature Not Verified हा कुठल्याही तपासणीचा निकालच नसतो. तपासणी झालेली नाही, एवढंच ते सांगतं. काउंटरवरचा माणूस ते ‘सही खोटी’ असं वाचतो.

मग फाइल संगणकावर रीडरमध्ये उघडली तरी पुष्कळदा पट्टीत लिहून येतं की सहीची वैधता अज्ञात आहे. इथं दुसरा गुंता सुरू होतो. रीडर दोन वेगळे प्रश्न विचारत असतो आणि उत्तर एकाच चिन्हात देतो. पहिला प्रश्न: सही झाल्यापासून फाइलमध्ये काही बदललं का? दुसरा: सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रामागची साखळी, म्हणजे त्याला प्रमाणपत्र देणारी संस्था आणि तिला मान्यता देणारं वरचं प्रमाणपत्र, माझ्या ओळखीच्या मुळापर्यंत पोचते का? आपली साखळी पोचते देशाच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत, जे पडद्यावर नियंत्रकाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी CCA India 2014 किंवा CCA India 2022 अशा नावानं दिसतं. ते मूळ रीडरच्या विश्वासाच्या यादीत नसलं, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर चोख असूनही चिन्ह पिवळंच राहतं.

यावर जो उपाय गावभर पसरला तो असा: प्रश्नचिन्हावर राइट क्लिक, Signature Properties, मग Show Signer's Certificate, Trust टॅब, Add to Trusted Certificates, ओके, ओके, आणि हिरवी टिक. सरकारी सूचनापत्रकांतही जवळपास हेच होतं. माझं मत विचाराल तर हा सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा घातक. कारण घरबसल्या कुणीही स्वतःच ‘तहसीलदार, ठाणे’ या नावाचं प्रमाणपत्र बनवून दाखल्यावर सही मारू शकतो, आणि रीडर त्यालाही ‘अज्ञात’ म्हणूनच दाखवेल. पिवळं प्रश्नचिन्ह अस्सलाला तेच आणि नकलीला तेच. त्यावर डोळे मिटून Trust दाबलं की नकली दाखलाही हिरवा होतो. म्हणून दाबण्याआधी साखळी पाहायची. डावीकडच्या यादीत सगळ्यात वर CCA India हवं, मध्ये परवानाधारक संस्था, सगळ्यात खाली सही करणारा. खाली एकटंच नाव आणि वर काहीच नाही, तर तिथंच थांबायचं. वरचं नाव बरोबर दिसलं तरी नावाची नक्कल करणं सोपं असतं, तेव्हा त्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या प्रमाणपत्राची ओळख पटवणारा लांबलचक आकडा, नियंत्रकाच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून घ्यायचा. आणि विश्वास द्यायचा तो सगळ्यात वरच्याला, खालच्या माणसाला नाही. एकदा केलं की त्या मुळाखालचे सगळे दाखले आपोआप हिरवे.

या साखळीवर आंधळा विश्वास ठेवू नये याला इतिहासही आहे. जुलै २०१४ मध्ये याच मुळाखालच्या एका अधिकृत यंत्रणेतून मोठ्या परदेशी संकेतस्थळांच्या नावानं अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघडकीस आलं. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी ती रद्द ठरवली. तो प्रकार वेबसाइटांच्या प्रमाणपत्रांचा होता, दाखल्यांच्या सह्यांचा नव्हे.

आता एक उदाहरण. समजा नेरूळच्या एका मुलीनं ठाणे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला उतरवून घेतला. बेलापूरपर्यंतची नवी मुंबई महसुलात ठाणे तालुक्यातच येते; खारघरला राहणारी तिची मैत्रीण असती तर दाखला पनवेलहून आला असता. कॉलेजच्या पोर्टलला फाइल लहान हवी होती, म्हणून दुकानात ती ‘कॉम्प्रेस’ करून घेतली. दोन्ही फाइली लिनक्सवर pdfsig या आज्ञेनं तपासल्या. मूळ फाइलवर हे आलं:

```
- Signature Validation: Signature is Valid.
- Certificate Validation: Certificate issuer is unknown.
```

इथं दोन प्रश्नांची दोन उत्तरं सुटी मिळाली. फाइल अबाधित आहे. फक्त या संगणकाला देशाचं मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नाही. रीडरनं हे एका पिवळ्या चिन्हात कोंबलं असतं. लहान केलेल्या फाइलवर मात्र निकाल आला की या फाइलमध्ये सहीच नाही. कॉम्प्रेस करणाऱ्या बहुतेक साधनांचा हाच गुण: ती फाइल नव्यानं लिहितात, सहीचा चौकोन चित्र म्हणून पानात विरघळवतात आणि पोटातली सही टाकून देतात. क्रोममधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केलं, किंवा ई-आधारचा पासवर्ड काढायला तसं प्रिंट काढलं, तरी हेच. अशा फाइलवर रीडर कुठलाही इशारा देत नाही, कारण तपासायला काही उरलेलंच नसतं. नाव, तारीख, चौकोन सगळं दिसतं. सगळ्यात बिनबोभाट फाइल तीच सगळ्यात निरुपयोगी.

खरोखर ‘तुटलेली’ सही वेगळी दिसते. तिथं लाल फुली येते आणि सही झाल्यानंतर दस्तऐवज बदलला किंवा बिघडला आहे असा संदेश येतो. यामागचं गणित फाइलमध्येच लिहिलेलं असतं. मूळ दाखला टेक्स्ट एडिटरमध्ये उघडला तर अशी ओळ सापडेल:

```
/ByteRange [0 84210 104692 6118]
```

अर्थ असा: सुरुवातीपासून ८४२१० बाइट सहीखाली आहेत, मग १०४६९२ व्या बाइटपर्यंत मोकळी जागा, जिथं सही स्वतः बसते, आणि तिथून पुढचे ६११८ बाइट पुन्हा सहीखाली. १०४६९२ आणि ६११८ यांची बेरीज ११०८१०. फाइलचा आकार नेमका एवढाच असेल तर सहीनं पूर्ण फाइल झाकली आहे. आकार जास्त निघाला तर सहीनंतर कुणीतरी मागे काही जोडलं आहे. रीडरमध्ये शेरा लिहून सेव्ह केलं तरी असं होतं, आणि तो गुन्हा नव्हे. Signature Panel मधून सही झालेली आवृत्ती वेगळी उघडून पाहता येते. पण सहीखालच्या भागातला एक जरी आकडा कुणी बदलला, समजा १,२०,००० च्या जागी ७२,००० केला, तर फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बाइटांवरून काढलेला आकडा, सहीतल्या आकड्याशी जुळत नाही आणि pdfsig मध्ये Digest Mismatch येतं. फाइल अर्धवट उतरली असेल तरीही सही बिघडू शकते. म्हणून लाल फुली दिसली की आधी दाखले देणाऱ्या सरकारी पोर्टलवरून पुन्हा उतरवायची आणि नवी प्रत तपासायची. नवीही लालच निघाली, तर दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलच्या पडताळणी पानावर टाकून तिथली नोंद पाहायची. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. तसं पाठवलं की बाइट जसेच्या तसे जातात.

अलीकडे आणखी एक तिढा वाढलाय. २०१८-१९ चे दाखले आज उघडले तर त्यांची सही करणाऱ्यांची प्रमाणपत्रं, जी फार तर दोन-तीन वर्षांची असतात, कधीच संपलेली असतात. CCA India 2014 या मुळाची मुदतही २०२४ मध्ये संपली. सहीबरोबर स्वतंत्र टाइमस्टॅम्प, म्हणजे तिसऱ्याच यंत्रणेचा वेळेचा शिक्का, लावलेला असेल तर सही मुदतीतच झाली होती हे सिद्ध होतं. नसेल तर रीडर सांगतो की वेळ सही करणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातली आहे, आणि तपासणी आजच्या तारखेनं केली तर साखळी मुदतबाह्य निघते. अशा जुन्या दाखल्यात ना कुणी फेरफार केलेला असतो, ना सही खोटी असते. पण ते दाखवायचा रस्ता फाइलमध्ये उरलेला नसतो. अशा वेळी कॉलेजला पोर्टलवरून ताजी प्रत काढून देणं हाच व्यवहार्य मार्ग.