घड्याळ (पत्त्यांचा खेळ)

एकट्याने खेळावयाचा, ‘पेशन्स’ किंवा ‘सॉलिटेअर’ वर्गातील पत्त्यांचा खेळ. हा वर्ग अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन व स्कँडिनेव्हियन प्रदेशांत उदयास आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. ५२ पत्ते पिसून चार-चारांचे १३ पालथे ढीग करतात. बारा ढीग घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे गोलाकार (एक्का १, गुलाम ११, राणी १२) व तेरावा, राजाचा, मध्यभागी ठेवतात. मधल्या ढिगाचा वरचा पत्ता उघडून तो आपल्या आकड्याच्या ढिगाखाली सुलटा सरकवावयाचा व त्याच ढिगाचा वरचा पालथा पत्ता उघडावयाचा, असा क्रम चालतो. चौथा राजा निघताच डाव संपतो. तोवर सर्व पत्ते उघडले असतील तरच तो जिंकला जातो.

डाव अन्यत्र अडत नाही. पंजाच्या ढिगाकडे पंजा निघाल्यावरच वळावे लागते. पंजे चारच व त्या ढिगातील पालथे पत्तेही चारच, त्यामुळे प्रत्येक वेळी एक पत्ता शिल्लक असतोच. मधल्या ढिगातून मात्र आरंभीच एक पत्ता फुकट उचललेला असल्याने चौथ्या राजासाठी तेथे काहीच उरत नाही.

खेळणाऱ्याला निवडीस वाव नसतो. कोणती जागा उघडावयाची हे केवळ आधी उघडलेल्या पत्त्यांवरून ठरते. न उघडलेल्यांविषयी त्यातून काहीही कळत नाही. म्हणून पुढचा पत्ता उरलेल्यांपैकी कोणताही असण्याची शक्यता सारखीच राहते. डाव संपल्यावर उरलेले पत्ते ठरावीक क्रमाने उघडले, तर ५२ पत्त्यांचे सर्व क्रम समसंभाव्य ठरतात. जिंकण्यासाठी चौथा राजा बरोबर ५२ वा यावा लागतो, म्हणजेच शेवटचा पत्ता राजा असावा लागतो. ही संभाव्यता ४/५२, अर्थात १/१३ होय.

दुसरी उपपत्ती तळाच्या पत्त्यांवर आधारलेली आहे. समजा, एक्क्याच्या ढिगाच्या तळाशी पंजा व पंजाच्या ढिगाच्या तळाशी एक्का आहे. तळाचा पंजा उघडण्यास चारही एक्के आधी निघावे लागतात. त्यांपैकी एक पंजाच्या तळाशी अडकलेला असून तो चारही पंजांची वाट पाहतो. असा डाव मांडतानाच हरलेला असतो. सत्तीच्या ढिगाच्या तळाशी सत्तीच असेल तरी तेच. उलट, बारा बाह्य ढिगांपैकी प्रत्येकापासून तळाच्या पत्त्यांमागून जात शेवटी राजापर्यंत पोहोचता आले, तर विजय निश्चित असतो. वरच्या पत्त्यांच्या क्रमाने त्यात फरक पडत नाही. या मार्गाने विशिष्ट डावाचा निकाल आधी सांगता येतो; संभाव्यतेसाठी मात्र पहिली उपपत्ती अधिक सरळ आहे. हरलेले डावही पुष्कळदा शेवटाजवळ येतात: सरासरीने १०.४ पत्तेच पालथे राहतात.

१/१३ हा आकडा पत्ते नीट पिसले असतील तरच लागू पडतो. संपलेल्या डावात सारख्या आकड्याचे पत्ते एकत्र आलेले असतात. ते तसेच गोळा करून अर्धवट पिसले, तर वरील समसंभाव्यता उरत नाही. चौथा राजा निघाल्यावर त्याच्या बदल्यात एखादा पालथा पत्ता उघडण्याची मुभा देणाऱ्या प्रकारांत जिंकण्याची शक्यता अर्थातच वाढते.