पायलटचा सरासरी खर्च आणि विस्ताराचा वाढीव खर्च

पायलट प्रकल्पाच्या अहवालात शेवटी एक आकडा ठळक छापलेला असतो: एकूण खर्च भागिले एकूण नग. पुढे पूर्ण विस्ताराचे अंदाजपत्रक करायला बसलेला माणूस तोच आकडा उचलतो, त्याला नव्या संख्येने गुणतो आणि अंदाजपत्रक तयार झाले असे समजतो. हे चूक आहे, एवढे आता बहुतेकांना कळते. मात्र ते कळलेली मंडळी ज्या दुसऱ्या चुकीत पडतात, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही आणि नुकसान बहुतेक वेळा तिथेच होते.

सरासरी खर्च सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. झालेला सगळा खर्च झालेल्या सगळ्या कामावर समान वाटला की तो मिळतो, आणि त्यात एकदाच करावी लागणारी पूर्वतयारीही मिसळलेली असते. वाढीव खर्च म्हणजे काम आजच्या पातळीवरून पुढच्या पातळीवर नेताना जो खर्च नव्याने करावा लागेल, तेवढाच. विस्ताराच्या निर्णयाला दुसरा आकडा लागतो आणि पायलटच्या हिशेबवहीत तो तयार मिळत नाही.

उदाहरणासाठी पाण्याचे मीटर बसवण्याचा एक कल्पित पायलट घेऊ. चलन कोणतेही समजा. ५०० नळजोडण्यांवर मीटर बसवले. मीटर व जोडणीचे सामान प्रत्येकी २,००० प्रमाणे १० लाखांचे झाले. मीटर बसवणाऱ्या पथकाला कामाच्या दिवसाप्रमाणे ३,००० मिळत, एक पथक दिवसाला सहा घरी जाऊन येई आणि काही घरे बंद मिळाल्यामुळे ५०० मीटरसाठी ६०० भेटी द्याव्या लागल्या. म्हणजे पथकाचे १०० दिवस आणि ३ लाख. दोन पथकांवर देखरेख करणारा एक पर्यवेक्षक तीन महिने होता, त्याचे दीड लाख झाले. वाचन व बिलाच्या संगणकप्रणालीवर ६ लाख आणि कार्यपद्धती ठरवण्यावर २ लाख गेले. एकूण साडेबावीस लाख, म्हणून सरासरी ४,५०० प्रति जोडणी.

आता २०,००० जोडण्यांचा विस्तार वर्षभरात करायचा आहे. भोळा अंदाज ९ कोटींचा येतो. त्यात संगणकप्रणाली आणि कार्यपद्धती यांचे पैसे चाळीस वेळा मोजले गेले आहेत, हे सांगायला हिशेबनीसही लागत नाही. मग कोणी तरी हुशार माणूस पुढे येतो. मीटर आणि मजुरी हेच जोडण्यांबरोबर वाढतात, बाकीचा खर्च स्थिर आहे आणि तो होऊन गेला आहे, असे तो म्हणतो. त्याच्या मते खरा आकडा २,६०० प्रति जोडणी आणि अंदाजपत्रक ५ कोटी २० लाख. सभागृहात हा आकडा फार आवडतो.

मला खटकते ते ‘स्थिर’ हे निदान. पायलट चालू असताना एखादा खर्च हलला नाही, यावरून तो स्थिर आहे असे सिद्ध होत नाही. पायलट इतका लहान होता की तो खर्च हलण्याची वेळच आली नाही, एवढेच सिद्ध होते. पर्यवेक्षक तीनशे जोडण्यांना एकच होता आणि पाचशे जोडण्यांनाही एकच होता, म्हणून वहीत तो सपाट रेषेसारखा दिसतो. पण त्याची क्षमता ठरलेली आहे. चार पथकांपर्यंत तो पुरेल, पाचव्या पथकाला दुसरा पर्यवेक्षक नेमावाच लागेल. अशा खर्चाला मी पायरी-खर्च म्हणतो: काही अंतर तो सपाट जातो, मग एकदम उडी घेतो आणि पुन्हा सपाट होतो. खरा स्थिर खर्च संगणकप्रणालीच्या उभारणीसारखा असतो. तो एकदा झाला की पुढच्या जोडण्यांसाठी पुन्हा करावा लागत नाही. पायलटच्या वहीत हे दोन्ही खर्च अगदी एकसारखे दिसतात, कारण पायलट पहिल्याच पायरीवर संपलेला असतो.

याहून फसवा प्रकार वहीत मुळीच न दिसणाऱ्या पायरीचा आहे. आपल्या पायलटमध्ये मीटर कुठे ठेवले होते? एखाद्या रिकाम्या खोलीत, भाडे न देता. निर्णय कोण घेत होते? दुसऱ्याच कामाचा पगार घेणारा एक वरिष्ठ अभियंता, अधूनमधून वेळ काढून. ५०० मीटर खोलीत मावतात, २०,००० मावत नाहीत. आणि अधूनमधून काढलेल्या वेळात वीसएक पथके चालवता येत नाहीत. म्हणजे ज्याचा पायलटमधला खर्च शून्य नोंदला गेला, तोच विस्तारात गोदाम आणि पूर्णवेळ प्रकल्पप्रमुख होऊन पुढे येतो. वहीतील शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी शून्यच येते, म्हणून केवळ गुणाकारावर चालणारी कोणतीही पद्धत हा खर्च पकडू शकत नाही.

हिशेब पुन्हा मांडू. भेटींचे प्रमाण पायलटइतकेच, म्हणजे एका मीटरमागे १.२, धरले तर २४,००० भेटी होतात, त्यांना पथकाचे ४,००० दिवस लागतात आणि वर्षात कामाचे २५० दिवस धरल्यास १६ पथके हवीत. त्यांना चार पर्यवेक्षक, म्हणजे महिन्याला प्रत्येकी ५०,००० प्रमाणे वर्षाचे २४ लाख. दोन गोदामांचे महिन्याला एकूण १ लाख आणि प्रकल्पप्रमुखाचे १ लाख धरले, तर वर्षाचे आणखी २४ लाख. एकूण ५ कोटी ६८ लाख. हुशार माणसाच्या अंदाजापेक्षा हे ४८ लाखांनी जास्त आहे आणि यातला एकही खर्च अनपेक्षित म्हणता येणार नाही.

प्रश्न एवढ्यावर संपत नाही, कारण २,६०० हा आकडाही तपासायला हवा. त्यातले मजुरीचे ६०० मीटरच्या संख्येवर अवलंबून नसून भेटींच्या संख्येवर अवलंबून आहेत. पायलटसाठी वस्ती निवडताना बहुधा सोयीची निवडली जाते: घरे जवळजवळ, लोक दिवसा घरी असणारे, नळाची वाहिनी बऱ्या अवस्थेत. इतरत्र एका मीटरमागे १.६ भेटी लागल्या, तर ३२,००० भेटी, सुमारे ५,३३३ दिवस आणि १ कोटी ६० लाखांची मजुरी होते. वाढलेल्या ४० लाखांपाशी हिशेब थांबत नाही. पथके १६ ऐवजी २२ लागतात, म्हणून पर्यवेक्षक चारचे सहा होतात आणि आणखी १२ लाख चढतात. बेरीज ६ कोटी २० लाख, म्हणजे प्रति जोडणी ३,१००. हा आकडा ४,५०० आणि २,६०० यांच्या मध्ये पडला, म्हणून दोहोंची सरासरी काढून काम भागवावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. तो कुठे पडेल हे पायऱ्या ठरवतात.

मग पायऱ्या ओळखायच्या कशा? पायलट चालू असतानाच प्रत्येक खर्चाच्या नोंदीपुढे तो कशामुळे वाढतो हे लिहावे: मीटरमुळे, भेटीमुळे, पथकांच्या संख्येमुळे, की नुसता महिना उलटल्यामुळे. यापैकी कशानेच वाढत नसलेल्या नोंदीला लगेच ‘स्थिर’ न लिहिता, त्या माणसाची किंवा जागेची किती क्षमता वापरली गेली ते लिहावे. पर्यवेक्षकाच्या दिवसाची पंधरा दिवस साधी वेळनोंद ठेवली तरी दोन पथकांत त्याचा निम्मा दिवस जातो की पूर्ण, हे समजते. शक्य असेल तर पायलटच्या शेवटच्या टप्प्यात मुद्दाम चार पथके एकाच पर्यवेक्षकाखाली द्यावीत आणि गळती किंवा चुकीच्या नोंदीमुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाचे प्रमाण पाहावे. ते वाढू लागले तर पायरी चारच्या आधीच आहे. विनामोबदला मिळालेली जागा आणि उसना घेतलेला वेळ यांचीही नोंद ठेवावी, रक्कम शून्य असली तरी. हे काम कंटाळवाणे आहे, पण पायलट संपल्यावर ही माहिती आठवणीतून काढता येत नाही.

शिकण्यामुळे खर्च उतरतो, हा मुद्दा अशा चर्चेत हमखास निघतो. टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानबांधणीविषयी दाखवले होते की एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रति विमान श्रम ठरावीक प्रमाणात कमी होतात. निरीक्षण खरे आहे, पण त्याचा वापर बेफिकिरीने होतो. आपल्या पायलटमधली दोन पथके शेवटच्या शंभर मीटरपर्यंत तरबेज झाली असतील. विस्तारात मात्र वीस पथके नवी असतील आणि तीही पहिल्या मीटरपासूनच सुरुवात करतील. लिहून ठेवलेली कार्यपद्धती त्यांना मिळते, हातातले कौशल्य मिळत नाही. त्यामुळे नव्या पथकांसाठी पायलटच्या सुरुवातीच्या आठवड्यांचा वेग धरणे मला अधिक प्रामाणिक वाटते. घाऊक खरेदीत मीटर स्वस्त पडेल हा दावा तपासायला सोपा आहे: लेखी दरपत्रक असेल तर धरावा, नसेल तर धरू नये.

महिन्याने चढणाऱ्या खर्चाची ओळ अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, हा माझा आग्रह आहे. सहा पर्यवेक्षक, दोन गोदामे आणि प्रकल्पप्रमुख मिळून महिन्याला ५ लाख होतात. मीटरचा पुरवठा अडकून काम तीन महिने लांबले, तर एकही जास्तीचा मीटर न बसता १५ लाख वाढतात. ‘प्रति जोडणी ३,१००’ एवढाच आकडा मंजूर करून घेतलेला असेल, तर ही वाढ उधळपट्टी दिसते आणि तिचा जाब पथकांना विचारला जातो. म्हणून मंजुरीसाठी एक आकडा न पाठवता चार ओळी पाठवाव्यात: प्रति मीटर २,०००, प्रति भेट ५००, प्रति पर्यवेक्षक महिन्याला ५०,०००, आणि गोदामे व प्रकल्पप्रमुख मिळून महिन्याला २ लाख. त्यांच्यासोबत भेटींचे प्रमाण १.२ ते १.६ असेल, हे गृहीतक लिहावे. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष प्रमाण समोर आले की कोणती ओळ हलली आणि किती हलली, हे त्यावरून सांगता येते.