बोट पुढे, पान मागे: हर्ट्झचा हिशेब, गेम न खेळणाऱ्यांसाठी

मोबाइलच्या जाहिरातीत कॅमेरा आणि बॅटरी यांच्यानंतर हल्ली दोन आकडे हमखास येतात: ‘१२० हर्ट्झ रिफ्रेश रेट’ आणि ‘२४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग रेट’. गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं दिसलं की दुकानदार स्वतःच सांगून मोकळा होतो, ‘हे गेमवाल्या पोरांसाठी असतं हो, तुम्हाला काही फरक पडत नाही.’ दुसऱ्या आकड्याबाबत तो बऱ्यापैकी खरं बोलतो. पहिल्याबाबत मात्र साफ चुकतो. मोबाइलवर फक्त बातम्या आणि व्हॉट्सॲपवरचे लांबलचक मजकूर वाचणाऱ्याला तो आकडा चांगलाच जाणवतो.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, हे शाळेत झालेलं असतं. स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवू शकते तो रिफ्रेश रेट. बोट कुठे आहे याची चाचपणी काच सेकंदाला किती वेळा करते तो टच सॅम्पलिंग रेट. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० हर्ट्झवर ८.३. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

इथे एक जुनी समजूत आडवी येते. ‘डोळ्याला सेकंदाला २४ पेक्षा जास्त चित्रं दिसतच नाहीत, सिनेमा नाही का २४ वर चालत?’ सिनेमा २४ वर चालतो हे खरं, पण रिळाच्या प्रोजेक्टरची झडप प्रत्येक चित्र दोन किंवा तीन वेळा पडद्यावर टाकायची, म्हणजे उजेडाची उघडझाप सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा. कारण नुसत्या २४ ला पडदा लुकलुकताना दिसायचा. २४ ही हालचाल भासण्यापुरती काटकसर होती. तिला डोळ्याची मर्यादा मानणं म्हणजे पोट भरायला दोन पोळ्या पुरतात म्हणून तिसरी तोंडात जातच नाही असं म्हणणं.

आता मुख्य गंमत. फोनची स्क्रीन समजा १५ सेंटिमीटर उंच आहे आणि तुम्ही बातमी वर सरकवताय, सेकंदाला साधारण एक स्क्रीनभर. म्हणजे अक्षरांचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. ६० हर्ट्झवर हे अंतर ६० उड्यांमध्ये कापलं जातं, एक उडी अडीच मिलिमीटरची. १२० हर्ट्झवर सव्वा मिलिमीटरची. फोनवरचं मराठी अक्षर मात्रा-उकार धरून दोनेक मिलिमीटर उंच असतं. म्हणजे ६० वर प्रत्येक उडी अख्ख्या अक्षरापेक्षा मोठी.

पण खरा घोटाळा उडीमुळे होत नाही. तो दोन उड्यांच्या मधल्या वेळात होतो. सरकतं अक्षर वाचायला आपण त्याच्यामागे डोळा फिरवतो, आणि डोळ्याचे स्नायू हे काम फार सफाईने करतात. अक्षराच्या वेगाचा अंदाज घेऊन बुबुळ एकसंध फिरत राहतं, थांबत-थांबत नाही. स्क्रीन मात्र थांबत-थांबत चालते. एलसीडी असो की ओलेड, एकदा दाखवलेलं चित्र ती पुढचं येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवते. त्या १६.७ मिलिसेकंदांत अक्षर जागेवर आणि डोळा अडीच मिलिमीटर पुढे. परिणामी दृष्टिपटलावर ते अक्षर अडीच मिलिमीटर फासलं जातं. पुढचं चित्र आलं की पुन्हा तेच. स्क्रीनवर प्रत्येक चित्र स्वच्छ आहे, पुसटपणा आपल्या डोळ्यात तयार होतोय.

हे पटत नसेल तर दोन पुरावे देतो. सरकत्या मजकुराचा दुसऱ्या कॅमेऱ्याने, कमी एक्स्पोजरवर फोटो काढा. अक्षरं बऱ्यापैकी स्पष्ट येतील, कारण कॅमेरा त्यांच्यामागे धावत नाही. दुसरा पुरावा कॅमेऱ्याशिवायचा: मजकूर सरकवताना नजर फोनच्या कडेवरच्या एका बिंदूवर गच्च धरा. आता फासल्यासारखं दिसणार नाही, त्याऐवजी एका ओळीच्या सुट्या-सुट्या प्रती एकमेकींखाली दिसतील. स्क्रीन तीच, वेग तोच, फक्त डोळा थांबला.

जुन्या डबा टीव्हीला ही अडचण नव्हती. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळला की तो ठिपका क्षणभर उजळून विझायचा. चित्र धरून ठेवलंच जात नव्हतं, त्यामुळे फासायला काही उरत नसे. दूरदर्शन सेकंदाला जेमतेम २५ पूर्ण चित्रं पाठवत असे, तीही अर्धी-अर्धी करून ५० हप्त्यांत, तरी फलंदाजामागे धावणारा चेंडू सुबक दिसायचा. लुकलुक मात्र होती, आणि ती आपण सोसली.

देवनागरी वाचणाऱ्याला उभ्या सरकण्याचा त्रास जरा जास्तच होत असावा, असा माझा तर्क आहे. पान वर-खाली सरकताना उभ्या रेघा स्वतःच्याच लांबीत फासल्या जातात, त्यांचं फार बिघडत नाही. आडव्या रेघांचं वाटोळं होतं. आपली तर अख्खी ओळच शिरोरेखेवर टांगलेली. ती अडीच मिलिमीटर पसरली की वरच्या मात्रा आणि खालचं अक्षर दोन्ही तिच्या करड्या पट्ट्यात बुडतात. ‘मे’ आणि ‘मै’ वेगळे ओळखणं मग नशिबावर. १२० हर्ट्झवर हा पट्टा निम्मा होतो. नाहीसा होत नाही, निम्मा होतो, आणि तेवढ्याने मथळे पान सरकत असतानाच वाचता यायला लागतात.

आता बोटाकडे येऊ. काचेखाली पारदर्शक वाहकाच्या बारीक आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. आडव्या रेषांतून एकेक करून विद्युत स्पंद सोडायचे आणि उभ्या रेषांवर किती पोचले ते मोजायचं, हा तिचा धंदा. बोट जवळ आलं की ते थोडा विद्युतभार आपल्याकडे ओढतं आणि तिथला आकडा घटतो. आजूबाजूच्या घटींवरून बोटाचा मध्य काढला जातो. अशी एक फेरी म्हणजे एक सॅम्पल. ऊब आणि दाब यांचा यात संबंध नाही. काकडीच्या तुकड्याने फोन चालतो, कोरड्या प्लास्टिकच्या टोपणाने चालत नाही.

२४० हर्ट्झ म्हणजे अशा २४० फेऱ्या, दर ४.२ मिलिसेकंदांनी एक. फेरी संपली की ‘बोट इथे आहे’ हा निरोप निघतो, पण तो लगेच स्क्रीनवर उमटत नाही. ॲपला नवं चित्र आखावं लागतं, मग सिस्टीम त्यात वरची पट्टी, कीबोर्ड वगैरे मिसळते, मग पॅनेल ते वरपासून खालपर्यंत ओळीओळीने उजळवतं. हे टप्पे स्क्रीनच्या तालावर चालतात, एसटीच्या फेऱ्यांसारखे. निरोप गाडी सुटल्यावर स्टँडवर पोचला की पुढच्या गाडीपर्यंत थांबा. ढोबळमानाने तीन गाड्या बदलाव्या लागतात असं धरा. ६० हर्ट्झवर तीन चित्रांचा वेळ म्हणजे ५० मिलिसेकंद, १२० वर २५.

टच सॅम्पलिंगचा वाटा त्यात किती? १२० फेऱ्या असतील तर बोट हलल्यापासून फेरीपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात, २४० असतील तर दोन, ४८० असतील तर एक. म्हणजे जाहिरातीत २४० चे ४८० झाले की तुमचा फायदा सरासरी एक मिलिसेकंद. स्क्रीन ६० वरून १२० वर नेली की पंचवीस. बोटाच्या हालचालीला फोन ‘लगेच’ साथ देतो असं वाटण्याचं श्रेय बहुतांशी रिफ्रेश रेटचं आहे, जरी नावात ‘टच’ दुसऱ्याच्या असलं तरी. सेकंदाला १५ सेंटिमीटर या आपल्या वेगाने ५० मिलिसेकंद म्हणजे बोटाच्या मागे साडेसात मिलिमीटर रेंगाळणारं पान. २५ मिलिसेकंदांत ते पावणेचार उरतं.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या पॉल डाइट्झ यांनी २०१२ मध्ये हे फार छान दाखवलं होतं: बोटाखाली एक पांढरा चौकोन, आणि उशीर १०० मिलिसेकंदांपासून एकपर्यंत कमी करत नेलेला. १०० ला चौकोन रबराने बांधल्यासारखा मागून येतो, एकला बोटाला चिकटलेला. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.१ ने टचचे निरोप स्क्रीनच्या तालाशी जुळवले आणि पुढचं चित्र उमटेल तेव्हा बोट कुठे असेल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. आजच्या फोनच्या गुळगुळीतपणात या हिशेबाचाही हात आहे.

मग टच सॅम्पलिंग अगदीच फुकट का? नाही. कुरियरवाल्याच्या फोनवर बोटाने सही करताना त्याचा उपयोग असतो. हात झपकन, सेकंदाला ३० सेंटिमीटर फिरला तर ६० फेऱ्यांत ठिपके पाच-पाच मिलिमीटरवर पडतात आणि ‘ळ’ चा गोल षटकोनासारखा दिसू लागतो. २४० फेऱ्यांत ते सव्वा मिलिमीटरवर येतात. त्यापुढे आकडा वाढवायलाही किंमत आहे. फेरी जितकी छोटी तितका प्रत्येक मोजणीला वेळ कमी, आणि मोजणीत घुसणारा विजेचा गोंगाट जास्त. स्वस्त चार्जर लावल्यावर कीबोर्ड स्वतःच अक्षरं टाइप करतो, तो हाच गोंगाट. ते भुताचं काम नाही, चार्जर काढला की थांबतं. पावसाचे थेंबही बोटासारखेच आकडे हलवतात. बॉक्सवर दिसणारे हजारच्या पुढचे ‘इन्स्टंट’ आकडे बहुधा गेम मोडपुरते असतात, त्यामुळे त्यांचे पैसे मोजू नयेत हे माझं स्पष्ट मत.

१२० हर्ट्झचेही काही दावे सोडून द्यावेत. पान स्थिर असेल तर ६० आणि १२० मध्ये डोळ्याला काही फरक नाही, म्हणून ‘डोळ्यांना आराम’ हे वाक्य सरकत्या मजकुरापुरतंच घ्यायचं. कमी उजेडात ओलेड स्क्रीनने काहींचं डोकं दुखतं, पण ती उजेड कमी करण्यासाठी केलेली उघडझाप आहे, तिचा आकडा वेगळा. व्हिडिओ ज्या गतीने बनला त्याच गतीने दिसणार. एक छोटा लाभ मात्र आहे: १२० ला २४ ने नेमका भाग जातो, ६० ला जात नाही. त्यामुळे ६० वर सिनेमाचं एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा हळू फिरताना दृश्य किंचित अडखळतं.

हातातला फोन तपासायचा असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘About phone’ खालच्या ‘Build number’ वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. तिथे ‘Show refresh rate’ चालू केलं की चालू आकडा कोपऱ्यात दिसतो, आणि ‘Pointer location’ ने बोटाचा माग रेघेने उमटतो. १२० चा फोन घेऊनही तिथे ६० च दिसत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा, आणि बॅटरी सेव्हर चालू नाही ना तेही बघा. बऱ्याच फोनमध्ये तो चालू होताच स्क्रीन गुपचूप ६० वर उतरते.