करार आणि संविदा

भारतीय संविदा अधिनियम, 1872 मध्ये या दोन संज्ञांना वेगळे अर्थ दिलेले आहेत. हा कायदा 1 सप्टेंबर 1872 पासून अमलात आला. एकाने प्रस्ताव ठेवला आणि दुसऱ्याने तो स्वीकारला की वचन तयार होते. एकमेकांसाठी प्रतिफल, म्हणजे मोबदला, ठरणारी वचने म्हणजे करार [कलम 2(ङ)]. कायद्याने अंमलबजावणी करता येईल असाच करार संविदा ठरतो [कलम 2(ज)]. त्यामुळे प्रत्येक संविदेच्या मुळाशी करार असतो, पण प्रत्येक करार संविदेपर्यंत पोहोचत नाही. वाणिज्य शाखेच्या काही पाठ्यपुस्तकांत याच जोडीसाठी ‘ठराव’ व ‘करार’ असे शब्द वापरले जातात. या नोंदीत शासकीय परिभाषा पाळली आहे.

कराराची संविदा कशाने होते, हे कलम 10 सांगते. पक्ष संविदा करण्यास सक्षम हवेत, त्यांची संमती मुक्त हवी, प्रतिफल व उद्देश कायदेशीर हवेत आणि तो करार अधिनियमाने स्पष्टपणे शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निष्प्रभ, ठरवलेला नसावा. सक्षमतेबाबत आता फारसा वाद उरलेला नाही. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, 1903 मध्ये मोहरी बीबी खटल्यात ठरवले. खरी गुंतागुंत संमती आणि शून्यता या दोन अटींमध्ये आहे.

मुक्त संमती. दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तर ती संमती (कलम 13). बळजोरी, गैरवाजवी प्रभाव, कपट, मिथ्या निवेदन किंवा चूक यांपैकी कशामुळेही ती मिळालेली नसेल, तर ती मुक्त समजली जाते (कलम 14). पहिल्या चार कारणांनी दूषित झालेली संविदा शून्यकरणीय असते. ज्याची संमती तशी घेतली गेली, तो ती रद्द करू शकतो किंवा कायम ठेवू शकतो, आणि तो रद्द करेपर्यंत ती वैध असते. चुकीचे तसे नाही. कराराच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी दोन्ही पक्ष चुकत असतील, तर करार थेट शून्य होतो (कलम 20).

हा फरक व्यवहारात कुठे जाणवतो, ते एका उदाहरणाने पाहू. एकाने कपटाने ट्रक विकत घेतला आणि मूळ मालकाने व्यवहार रद्द करण्याआधीच तो तिसऱ्याला विकला. या तिसऱ्या खरेदीदाराला दोषाची माहिती नसेल आणि त्याने सद्भावनेने किंमत मोजली असेल, तर मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 29 नुसार ट्रक त्याचाच होतो. पहिला करार मुळातच शून्य असता, तर या कलमाचा आधार त्याला मिळाला नसता. म्हणून कपट उघडकीस आल्यावर रद्द करण्यास उशीर लावणे मूळ मालकाला महागात पडते.

बळजोरीच्या व्याख्येत (कलम 15) भारतीय दंड संहितेने मनाई केलेले कृत्य करणे किंवा ते करण्याची धमकी देणे येते, तसेच मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणेही येते. आत्महत्येची धमकी ही बळजोरी आहे का, हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे 1917 मध्ये चिक्कम अम्मीराजू खटल्यात आला. पतीने तशी धमकी देऊन पत्नी व मुलाकडून आपल्या भावाच्या नावे मालमत्तेचे हक्कसोडपत्र करून घेतले होते. बहुमताने ही धमकी बळजोरी मानली. आत्महत्या करणाऱ्याला शिक्षा देता येत नसली तरी प्रयत्न दंडनीय आहे, म्हणून ते कृत्य मनाई केलेलेच आहे, असा बहुमताचा युक्तिवाद होता. न्या. ओल्डफील्ड यांचे मत वेगळे होते. संहिता ज्याला शिक्षा देत नाही, त्याला तिने मनाई केली आहे असे म्हणता येत नाही, असे त्यांनी लिहिले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात आत्महत्येचा प्रयत्न सर्वसाधारण अपराध म्हणून उरलेला नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय आहे. त्यामुळे बहुमताच्या युक्तिवादाचा आधार आता क्षीण झाला आहे. अशी प्रकरणे कुटुंबातील वर्चस्वाच्या अंगाने, म्हणजे गैरवाजवी प्रभावाखाली (कलम 16) तपासणे अधिक सयुक्तिक दिसते.

शून्य करार. संमती पूर्ण मुक्त असली तरी काही करार कायदा मानतच नाही. विवाहास प्रतिबंध करणारे (कलम 26), न्यायालयात जाण्याचा मार्ग पूर्णपणे बंद करणारे (कलम 28), अर्थ निश्चित न होणारे (कलम 29) आणि पैजेचे (कलम 30) करार या वर्गातले आहेत. सर्वाधिक वाद कलम 27 वर झाला आहे. या कलमानुसार, कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. अपवाद एकच आहे: व्यवसायाचा नावलौकिक विकणाऱ्यावर वाजवी स्थानिक मर्यादा घालता येते. भागीदारांसाठीचे अपवाद भागीदारी अधिनियम, 1932 मध्ये आहेत.

या कलमाचा उगम अमेरिकी वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी रचलेल्या नागरी संहितेच्या मसुद्यात असावा, असे सामान्यतः मानले जाते. न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने 1872 मध्ये स्वीकारला. इंग्लंडमध्ये निर्बंध वाजवी आहे का, हे न्यायालय पाहते. भारतीय कलमात ‘वाजवी’ हा शब्द फक्त अपवादापुरता येतो. इंग्लिश कायदेपंडित फ्रेडरिक पोलॉक यांनी ही उसनवारी दोषास्पद मानली. विधी आयोगानेही 1958 च्या अहवालात वाजवी निर्बंधांना वाव द्यावा अशी शिफारस केली, पण कलम बदलले नाही.

शब्द इतके कठोर असल्याचा परिणाम 1874 च्या माधब चंदर खटल्यात दिसतो. कलकत्त्याच्या एकाच भागात दोघांची एकाच मालाची दुकाने होती. एकाने दुसऱ्याला सांगितले, ‘तू इथले दुकान बंद कर, कारागिरांना तू दिलेली उचल मी भरून देतो.’ दुसऱ्याने दुकान बंद केले, पण पैसे मिळाले नाहीत, म्हणून त्याने दावा लावला. प्रस्ताव, स्वीकृती, मुक्त संमती आणि प्रतिफल सगळे होते. निर्बंधही एका भागापुरताच होता. तरीही कलम अंशतः निर्बंधालाही लागू होते, असे ठरवून न्यायालयाने दावा फेटाळला. ज्याने आपला शब्द पाळला त्यालाच काही मिळाले नाही. करार आणि संविदा यांतले अंतर इतके खरे असते.

नोकरीच्या करारांत न्यायालयांनी काळाची रेषा आखली आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातील पर्यवेक्षक निरंजन गोलिकरी यांनी मार्च 1963 पासून पाच वर्षांचा करार केला होता. तो मध्येच सोडून ते प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. मुदतीच्या काळापुरती दुसऱ्याकडे काम न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये वैध मानली. उलट, क्रिकेटपटू झहीर खान यांच्या जाहिरात करारात, मुदत संपल्यानंतरही नवा प्रस्ताव आधी जुन्याच कंपनीपुढे ठेवावा, अशी अट होती. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 27 खाली शून्य मानली. मुदतीनंतर गोपनीय माहिती वापरू नये, या अटीकडे मात्र न्यायालये वेगळ्या नजरेने पाहतात.

एक अट शून्य ठरली म्हणजे संपूर्ण दस्तऐवज कोसळतोच असे नाही. कलम 27 मधील ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द इथे निर्णायक ठरतो. निर्बंधाची अट वेगळी काढता आली, तर पगार, काम आणि सूचनाकाळ यांच्या अटी संविदा म्हणून टिकतात. पण एकाच प्रतिफलाचा कोणताही भाग बेकायदेशीर असेल आणि तो वेगळा करता येत नसेल, तर कलम 24 नुसार सगळाच करार शून्य होतो. करार शून्य असल्याचे नंतर उघड झाले, तर त्याखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो (कलम 65). बेकायदेशीरपणा आधीपासून माहीत असणाऱ्याला मात्र या कलमाचा आधार सहसा मिळत नाही.