४:१ मागचा हिशोब

औषधांना दाद न देणारी मुलाची आकडी आटोक्यात यावी म्हणून पुण्यातले डॉक्टर कीटो आहार सुचवतात, तेव्हा घरच्यांना आहारतज्ज्ञाकडून दोन आकडे कळतात: दिवसाच्या १२०० कॅलरी आणि फॅटचं बाकीच्या अन्नाशी ४:१ गुणोत्तर. पुढचा सगळा स्वयंपाक या दोन आकड्यांवर ठरतो.

हे गुणोत्तर निघालं मधुमेहाच्या अभ्यासातून. शरीर फॅट जाळतं तेव्हा बनणारे कीटोन कोणतं अन्न तयार करतं आणि कोणतं त्यांना अडवतं, याचं समीकरण शिकागोच्या रोलिन वुडयाट यांनी १९२१ मध्ये मांडलं. त्यात प्रथिनं दोन्ही बाजूंना विभागलेली होती, कारण त्यांचा ५८ टक्के भाग ग्लुकोजकडे जातो असं तेव्हा धरत. फॅटचाही दहावा हिस्सा ग्लुकोजच्या बाजूला होता. त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासाचा आकडी थांबवणारा परिणाम आहारातूनच साधण्याची कल्पना अपस्मारासाठी सुचवली. तिथल्याच पीटरमन यांनी १९२५ मध्ये सोपा नियम दिला: वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं आणि उरलेल्या कॅलरी फॅटमधून.

आजचं ४:१ याहून सुटसुटीत आहे. ४ ग्रॅम फॅटमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, बस्स. फॅटच्या ग्रॅमला ९ कॅलरी आणि इतर दोघांच्या ग्रॅमला ४ धरल्या, तर असा एक एकक ३६ अधिक ४, म्हणजे ४० कॅलरींचा होतो.

आता १६ किलोचं मूल घ्या. १२०० भागिले ४० म्हणजे ३० एकक. फॅट ३० गुणिले ४, म्हणजे १२० ग्रॅम. प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून ३० ग्रॅम. त्यातून प्रथिनांचे १६ आधी बाजूला काढायचे, कारण मुलाची वाढ त्यांवर आहे. कर्बोदकांना उरतात १४. एका मध्यम पोळीत एवढी कर्बोदकं सहज असतात, म्हणून ताटातून पोळी जाते आणि काट्यावर तूप मोजलं जातं. हाच आहार वुडयाटच्या समीकरणात घातला तर उत्तर साधारण ३.३ येतं, म्हणून प्रथिनं पूर्ण विरोधी बाजूला टाकणारी आजची रीत माझ्या मते खडबडीत आहे, पण घरी चालवायला तीच बरी.

घोळ होतो तो ४:१ हे कॅलरींचं प्रमाण समजल्यानं. ८० टक्के कॅलरी फॅटच्या धरल्या तर फॅट १०७ ग्रॅम आणि बाकीचं ६० ग्रॅम होतं, म्हणजे गुणोत्तर जेमतेम १.८. खऱ्या ४:१ मध्ये ९० टक्के कॅलरी फॅटमधून येतात. कॅलरी १२०० च भरत असल्यानं कागदावर ही चूक दिसत नाही. लघवीच्या पट्टीवर कीटोन कमी दिसले की शंका येते. मात्र तेव्हा मुलाच्या औषधांच्या गोड सिरपांचे घटकही बघावेत, कारण त्यातली साखर त्याच १४ ग्रॅममधून वजा होते.