अर्बुदानुषंगी लक्षणसमूह (पॅरानिओप्लास्टिक सिंड्रोम)

कर्करोगाची मूळ गाठ एका जागी आणि तिची लक्षणे भलत्याच अवयवात, असे असूनही त्या अवयवात गाठ पसरलेली नाही, अशा अवस्थांना दिलेले सामुदायिक नाव. गाठीचा दाब, इतरत्र पसरलेल्या गाठी, जंतुसंसर्ग, कुपोषण किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळे होणारा त्रास यात मोडत नाही. हाडांत कर्करोग पसरून रक्तातले कॅल्शियम वाढले तर तो हा लक्षणसमूह नव्हे; तीच वाढ गाठीने स्रवलेल्या द्रव्यामुळे झाली तर मात्र तो आहे. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात (स्मॉल सेल कार्सिनोमा) हे प्रकार ठळकपणे दिसतात. प्रस्तुत नोंदीत त्यांपैकी दोघांचा विचार मुख्यतः केला आहे: रक्तातील सोडियम घटणे आणि पायांतील शक्ती जाणे. दोन्ही लक्षणे छातीतल्या गाठीचा पत्ता लागण्याआधी दिसू शकतात.

या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे जाते याबद्दल एकमत नाही. अनेक लेखक १८६५ साली पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी वर्णिलेल्या, शिरांत होणाऱ्या, जागा बदलणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांपासून सुरुवात करतात. पुढे त्रूसो यांनी स्वतःच्याच शरीरात ती खूण ओळखली आणि १८६७ मध्ये ते पोटाच्या कर्करोगाने वारले. मात्र त्यांच्या वर्णनात कार्यकारणभाव स्पष्ट नव्हता, म्हणून ही सुरुवात मानणे थोडे उदारपणाचे वाटते. ‘पॅरानिओप्लास्टिक’ हा शब्द १९४९ च्या सुमारास गिशार आणि व्हिन्यों या फ्रेंच लेखकांनी रूढ केला असे सामान्यतः मानले जाते. गंमत अशी, की त्यांच्या रुग्णाला पसरलेला कर्करोग होता. आजच्या व्याख्येत ते उदाहरण बसणार नाही. आधुनिक अर्थाने पाया घातला तो १९४८ मधील डेनी-ब्राउन यांच्या लेखाने, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांत संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशीच नष्ट झाल्याचे त्यांनी दाखवले.

हे सारे लघुपेशी कर्करोगातच इतके का, याचे उत्तर त्या पेशींच्या स्वभावात आहे. त्यांच्यात ग्रंथींप्रमाणे संप्रेरके बनवण्याची आणि मज्जापेशींसारखी प्रथिने पृष्ठभागावर बाळगण्याची, अशी दुहेरी क्षमता असते. ती आली कोठून यावर बराच वाद झाला. श्वासनलिकेच्या अस्तरात विखुरलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींकडे फायर्टर यांनी १९३८ मध्ये लक्ष वेधले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पीअर्स यांनी अशा सर्व पेशी एका गटात घातल्या आणि त्यांचा उगम गर्भातील मज्जाशिखेत, म्हणजे मज्जातंतू जिच्यातून घडतात त्या पट्टीत, असल्याचे सुचवले. मज्जासंस्थेशी असलेले साम्य त्याने सुटसुटीत उलगडत होते, म्हणून हे मत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकले. पण ल दुआरँ यांनी लाव्हे पक्षी आणि कोंबडी यांच्या गर्भांत पेशींची अदलाबदल करून केलेल्या प्रयोगांनी आतड्यातील अशा पेशींबाबत ते खोडून काढले. फुप्फुसातील पेशीही अस्तराच्याच मूळ थरातून घडतात, असे आता धरले जाते. त्यामुळे या गाठी ‘अस्थानी’ संप्रेरके बनवतात हा जुना शब्दप्रयोगही सैल पडतो. त्या जागच्या पेशी थोड्या प्रमाणात अशी द्रव्ये बनवतच असतात, गाठीत ते अमर्याद होते.

सोडियमची कथा १९५७ पासून नीट सांगता येते. त्या वर्षी श्वार्ट्झ, बेनेट, क्युरलॉप आणि बार्टर यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात सोडियम कमी होते, तरी लघवीतून ते वाया जातच होते. बार्टर यांचा सहभाग असलेल्या १९५३ मधील एका प्रयोगात निरोगी माणसांना मूत्ररोधक संप्रेरक दिल्यावर असेच घडले होते, आणि तेही शरीरात पाणी साचले तरच. त्यावरून लेखकांनी तर्क केला, की या रुग्णांत मूत्ररोधक संप्रेरक नको तेव्हा स्रवत आहे. गाठीच्या अर्कात ते संप्रेरक नंतर १९६० च्या दशकात सापडले. ‘मूत्ररोधक संप्रेरकाचे अयोग्य स्रवण’ हे त्याचे रूढ नाव. काही रुग्णांत त्या संप्रेरकाची पातळी वाढलेली आढळत नाही, म्हणून अलीकडे ‘स्रवण’ऐवजी ‘मूत्ररोध’ म्हणण्याकडे कल आहे. तो योग्य वाटतो.

मुद्दा असा, की मीठ कमी पडलेले नसते, पाणी जास्त झालेले असते. हे न ओळखल्यास काय होते ते नमुन्यादाखल एका रुग्णावरून पाहू. अनेक वर्षे विडी ओढणारा साठीचा गृहस्थ, वजन ६० किलो. दोन आठवडे मळमळ, गळाठा. घरचे म्हणतात, ‘बोलता बोलता भरकटतात.’ पायांवर सूज नाही, जीभ कोरडी नाही. रक्तातील सोडियम ११६ (प्राकृत १३५ ते १४५). रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचे प्रमाण, २४५. ते २७५ च्या खाली असताना मूत्रपिंडांनी पाणी सोडून द्यायला हवे आणि लघवी १०० पेक्षाही पातळ व्हायला हवी. इथे लघवी ६००. अशक्तपणावर बाटली लावायची आपल्याकडची पद्धत. तिच्याप्रमाणे एक लिटर साधे सलाईन चढवले जाते. त्यात ३०८ कण-एकके आहेत. मूत्रपिंडे मीठ सोडायला तयार असतात, पण लघवी ६०० ला अडकलेली असल्याने ही ३०८ एकके सुमारे ५१३ मिलिलिटर लघवीतच निघून जातात. उरलेले ४८७ मिलिलिटर निव्वळ पाणी अंगात राहते. दुसऱ्या दिवशी सोडियम ११४ ते ११५ भरते. हिशेब ढोबळ आहे, पण सलाईन लावूनही सोडियम उतरले ही खूण महत्त्वाची असते.

म्हणून उपचार उलट दिशेचे. दिवसाचे एकूण पाणी, चहा-ताक धरून, सुमारे ८०० ते १००० मिलिलिटरवर आणतात. झटके किंवा बेशुद्धी असेल तरच ३ टक्के मिठाचे तीव्र द्रावण १०० ते १५० मिलिलिटरच्या हप्त्यांनी देतात. चोवीस तासांत सोडियम ८ ते १० अंकांहून अधिक चढू देत नाहीत; घाईने चढवल्यास मेंदूच्या देठातील मज्जावरण खराब होऊन कायमचा लुळेपणा येऊ शकतो. निदान पक्के करण्याआधी थायरॉइड, अधिवृक्क ग्रंथी आणि मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करावी लागते. वयस्कांत रक्तदाबाची थायझाइड गोळी हे सोडियम उतरण्याचे नेहमीचे कारण, ते आधी विचारून घ्यावे. भारतात आणखी एक चकवा आहे: फुप्फुसाच्या क्षयातही हीच अवस्था होते. खोकला, क्ष-किरणचित्रात डाग आणि कमी सोडियम एवढ्यावर दोहोंत फरक करता येत नाही. थुंकीची तपासणी आणि गाठीचा तुकडा हेच निर्णायक. लघुपेशी कर्करोगाच्या साधारण दहांतल्या एका रुग्णात हा प्रकार आढळतो.

दुसरे लक्षण संप्रेरकाचे नाही. १९५३ मध्ये अँडरसन, चर्चिल-डेव्हिडसन आणि रिचर्डसन यांनी फुप्फुसाची गाठ आणि स्नायूंची दुर्बलता असलेल्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली; भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन दिल्यावर त्याचा श्वास बराच वेळ परतला नव्हता. १९५६-५७ मध्ये मेयो क्लिनिकच्या लँबर्ट आणि ईटन यांनी विद्युत-तपासणीने या दुर्बलतेचे स्वरूप उलगडले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

रुग्ण सांगतो ते साधेच असते. मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही, जिना जड जातो, तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही. मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या दुसऱ्या आजारात पापण्या आणि डोळे आधी थकतात, इथे मांड्या आधी. गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही. मग रुग्णाला मांडी दहा सेकंद जोर लावून ताणायला सांगून लगेच पुन्हा हातोडी मारावी: मघाशी निपचित असलेला पाय उडतो. विद्युत-तपासणीत हेच आकड्यांत दिसते. स्नायूचा प्रतिसाद आधी अगदी बुटका, जोर लावल्यानंतर दुपटीहून उंच.

कारण मज्जातंतूच्या टोकाशी आहे. तिथल्या कॅल्शियमच्या दारांतून कॅल्शियम आत आले की स्नायूला हुकूम देणारे ॲसिटिलकोलीन बाहेर पडते. लघुपेशी गाठीवरही तशीच दारे असतात. शरीर गाठीविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि ती मज्जातंतूंवरची दारेही बंद करतात. थोडा वेळ सतत जोर लावल्यास उरलेल्या दारांतून कॅल्शियम साठत जाते, म्हणून तात्पुरती ताकद येते. रुग्णांची प्रतिपिंडे उंदरांना टोचून तोच दोष निर्माण करता येतो, हे १९८१ मध्ये न्यूसम-डेव्हिस यांच्या गटाने दाखवले. दुर्बलतेचे कारण प्रतिपिंडेच का, हा वाद त्याने जवळपास मिटला.

मात्र कॅल्शियम-दारांची प्रतिपिंडे सापडली म्हणजे कर्करोग आहेच असे नव्हे. सुमारे निम्म्या रुग्णांत गाठ कधीच नसते. तिथे हा निव्वळ प्रतिरक्षेचा आजार असतो आणि तीच प्रतिपिंडे मिळतात. सॉक्स-१ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मात्र गाठीकडे अधिक निश्चित बोट दाखवतात. पन्नाशीपुढचे वय, धूम्रपान, उतरलेले वजन आणि गिळण्या-बोलण्यातील अडचण यांनी शंका बळावते. छातीचा सीटी स्कॅन, तो कोरा आल्यास पेट स्कॅन, आणि तोही कोरा आल्यास दर सहा महिन्यांनी फेरतपासणी निदान दोन वर्षे, असा शोध घेतात. बहुतेक गाठी पहिल्या वर्षातच हाती लागतात. अशा रुग्णांचे आयुर्मान इतर लघुपेशी रुग्णांपेक्षा अधिक असल्याचे दिसते. काही जण याचे श्रेय केवळ लवकर निदानाला देतात. प्रतिरक्षा गाठीलाही आवर घालत असावी, हे मत अधिक पटते.

दोन्ही प्रकारांत मूळ इलाज गाठीवरचा, प्रामुख्याने प्लॅटिनमयुक्त रसायनोपचार. सिस्प्लॅटिनसोबत भरपूर द्रव द्यावा लागतो, आणि कमी सोडियमच्या रुग्णात नेमके तेच अडचणीचे. म्हणून कधी कार्बोप्लॅटिन निवडतात. गाठ आकसली की सोडियम साधारण काही आठवड्यांत सावरते, आणि पुन्हा उतरू लागले तर गाठ परतल्याचा संशय घ्यावा लागतो. पायांची शक्ती हळूहळू आणि अपुरी परतते. ॲमिफॅम्प्रिडीन या औषधाने ती तोवर सांभाळता येते. डेनी-ब्राउन यांनी वर्णिलेल्या प्रकारात, ज्याची ‘हू’ नावाची प्रतिपिंडे १९८५ मध्ये ग्राउस आणि पोस्नर यांच्या गटाने ओळखली, मज्जापेशीच मेलेल्या असतात. तिथे गाठ नाहीशी झाली तरी हातापायांची बधिरता बहुधा तशीच राहते. ती आणखी न वाढणे हेच पदरात पडते.

फुप्फुसाच्या इतर कर्करोगांत चित्र वेगळे: शल्कपेशी प्रकारात कॅल्शियम वाढते, तर ग्रंथिपेशी प्रकारात बोटांची टोके फुगून मनगट-घोटे दुखतात.